"पुन्हा चालवला, झाला" हे कारण नव्हे

घड्याळजी यांनी काल लिहिलं होतं:
> आता प्रत्येक फेल झालेल्या जॉबला मूळ कारणाचा टॅग लावायचा म्हणे. जॉब चालला, तिकीट बंद झालं, विषय संपला. वर चिठ्ठ्या कशाला चिकटवायच्या? काय झालं ते तिकिटात लिहिलेलं असतंच.

रात्रपाळी:
तिथे प्रतिसाद लांबला असता म्हणून वेगळा धागा काढतेय. त्यातलं शेवटचं वाक्य मला झोंबलं. लिहिलेलं नसतं हो. मी मागच्या वर्षी दहा आठवड्यांतली ३१ तिकिटं एकेक उघडून वाचली. सगळी रात्रीच्या जॉबची, चार वेगवेगळ्या टीमची. १९ तिकिटांत शेवटची ओळ एकच: "पुन्हा चालवला, झाला."

रिपोर्टवाल्यांच्या तिकिटात डेटाबेस टाइमआउट होता, बिलिंगवाल्यांच्यात फाइल उशिरा आली होती, तिसऱ्यांकडे लॉक सुटत नव्हता, चौथ्यांना डिस्क मंदावल्याचा अलर्ट. प्रत्येकाने आपापल्या परीने उपाय केला. कुणी टाइमआउट ३० सेकंदांचा ९० केला, कुणी फाइलची वाट पंधरा मिनिटं जास्त पाहायला सांगितलं. मी सगळ्यांच्या वेळा एका शीटवर मांडल्या तेव्हा ३१ पैकी २२ तिकिटं सोमवारी पहाटे २:१० ते २:५० मधली निघाली. रविवारी रात्री एकला आठवड्याचा पूर्ण बॅकअप सुरू व्हायचा. पूर्वी तो पावणेदोनला आटपायचा. डेटा वाढत गेला आणि तो पावणेतीनपर्यंत रेंगाळायला लागला. चौघांचं स्टोरेज एकच, त्यामुळे चौघांनाही फटका. आणि त्या ३१ तिकिटांत "बॅकअप" हा शब्द एकदाही नव्हता.

प्रत्येक तिकीट आपल्यापुरतं खरं होतं. पण चार टीमनी चार जागी मलम लावलं आणि जखम पाचव्याच जागी होती. आता आम्ही दोन रकाने ठेवलेत: "काय दिसलं" आणि "कशामुळे". टाइमआउट पहिल्या रकान्यात जातो, दुसऱ्यात "सामायिक स्टोरेजवर ताण". महिन्यातून एकदा एवढंच चालवते:

```sql
SELECT cause, COUNT(*) AS n,
       COUNT(DISTINCT team) AS teams
FROM tickets
GROUP BY cause
ORDER BY teams DESC, n DESC;
```

तिकिटांच्या आकड्याआधी टीमचा आकडा बघते. एकाच टीमची दहा तिकिटं ती टीम स्वतः निस्तरते. चार टीमची तीन-तीन तिकिटं कुणाच्याच नजरेत येत नाहीत.

घड्याळजी:
वाचलं. पण तुमचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. बॅकअप सापडला तो टॅगमुळे नाही, वेळा मांडल्यामुळे. वेळ प्रत्येक तिकिटावर आपोआप पडते, त्यासाठी कुणाला काही भरायला लागत नाही. मग टॅगचं काम काय?

रात्रपाळी:
मुद्दा बरोबर आहे. तो शोध वेळांनीच लागला, आणि त्यात माझे दोन दिवस गेले. पण वेळ तेव्हाच बोलते जेव्हा कारण घड्याळाला बांधलेलं असतं.

दुसरी गोष्ट सांगते. आमच्याकडे वरच्या सिस्टिममधून फाइल येतात. तिथली मंडळी न सांगता कधी कॉलमचं नाव बदलतात, कधी तारीख दिवस-महिना ऐवजी महिना-दिवस अशी पाठवतात. कधी मंगळवारी फुटतं, कधी वीस दिवसांनी गुरुवारी, दर वेळी वेगळ्या जॉबमध्ये. तारखेचा तर पत्ताही लागत नाही, कारण बारा तारखेपर्यंत सगळं सुरळीत वाचलं जातं (फक्त चुकीचं) आणि १३ तारीख आली की जॉब पडतो. वेळांचा कुठलाही आलेख हे दाखवणार नाही. "फाइलचा साचा न सांगता बदलला" हा टॅग तीन महिन्यांत अकरा वेळा लागला, तेव्हा कुठे त्या मंडळींसमोर कागद ठेवता आला. त्याआधी दर वेळी उत्तर यायचं, "एकदाच झालं असेल."

नवखा_पण_हौशी:
आमच्याकडे आहेत की टॅग. बिलिंग, रिपोर्ट, लॉगिन, सर्च. प्रत्येक तिकिटाला लावतो. तेच ना?

रात्रपाळी:
नाही. ते "कुठे" आहे, आपण "का" बद्दल बोलतोय. बिलिंगमध्ये वीस तिकिटं आहेत यावरून एवढंच कळतं की बिलिंग बरंच वापरलं जातं.

कंगोरे:
आम्ही हा प्रयोग करून हात पोळून घेतलेत, म्हणून लिहितो. तिकीट बंद करताना कारण भरणं सक्तीचं केलं, चौदा पर्यायांचा ड्रॉपडाउन. दोन महिन्यांनी अहवाल आला की सगळ्यात मोठं कारण "कॉन्फिगरेशन". मीटिंगा झाल्या, कॉन्फिगरेशन सुधारायला एक माणूस नेमला. मला शंका आली म्हणून मी यादीचा क्रम उलटा करायला लावला. पुढच्या महिन्यात सगळ्यात मोठं कारण "नेटवर्क". म्हणजे जो पर्याय वर, तोच लागतो. पहाटे तीनला उठलेला माणूस ड्रॉपडाउन वाचत नाही, तो खिडकी बंद करायच्या मागे असतो.

सक्ती काढून मोकळा टॅग दिला तर `db-timeout`, `DB_timeout`, `dbtimeout` अशी तीन पोरं जन्माला आली आणि मोजणी तिघांत वाटली गेली.

रात्रपाळी:
यादी उलटी करून पाहिलीत हे फार चांगलं केलंत. प्रत्येकाने एकदा करावं, भरलेलं खरं की खोटं ते महिन्याभरात कळतं. म्हणूनच आमच्याकडे रात्री जागणारा माणूस "कशामुळे" भरतच नाही. तो काय दिसलं ते लिहितो आणि झोपतो. गुरुवारी दोघं जण अर्धा तास बसून आठवड्याची तिकिटं वाचतात आणि कारण लावतात, दर वेळी तेच दोघं, म्हणजे शब्द फाटत नाहीत. यादीत अकरा कारणं आहेत, आणि "माहीत नाही" हा मानाचा पर्याय आहे. त्या ३१ मधली चार आजही तिथेच आहेत. तिथे बळेच काही लावलं असतं तर बाकीच्या २७ वरचा विश्वास गेला असता.

ग्रीसगन:
मी कारखान्यातला देखभालवाला, तुमचे जॉब-बिब कळत नाहीत, पण हे ओळखीचं वाटलं. आमच्या एका पंपाचं बेअरिंग वर्षात पाच वेळा बदललं. नोंद पाचही वेळा "बेअरिंग खराब". ते कारण नव्हेच, बेअरिंग तर बिचारं मेलेलं. शेवटी मोटर आणि पंपाची अलाइनमेंट तपासली तर कपलिंग बसवताना शाफ्ट एका रेषेत आलेच नव्हते. पाच वेळा "का" विचारा, मूळ कारण एकच निघतं. तोच टॅग लावा, बाकी सगळा पसारा.

रात्रपाळी:
पहिल्या भागाला पूर्ण सहमत. एकच निघतं याला नाही. माझ्या बॅकअपचं बघा: डेटा वाढला, चौघांचं स्टोरेज एक, आणि सगळ्यांनी जॉब दोनलाच लावलेले. यातलं मूळ कुठलं? स्टोरेजवाला म्हणेल वेळापत्रक, वेळापत्रकवाला म्हणेल स्टोरेज. तुमच्या पंपातही, कपलिंग वाकडं बसलं ते तपासायची पायरी नव्हती म्हणून की साधन नव्हतं म्हणून? "का" कुठे थांबवायचं ते विचारणारा ठरवतो.

ग्रीसगन:
कारण दोन असतील तर दोन्ही खोलात गेलेले नाहीत. माझं मत कायम आहे.

सुईदोरा:
यादीवर बोलताय तर एक विचारते. तुमच्या अकरात "मानवी चूक" आहे का? आमच्याकडे आहे, आणि त्या एका टॅगने सगळ्याची वाट लावली.

मी एकदा साफसफाईची स्क्रिप्ट टेस्टऐवजी प्रॉडक्शनवर चालवली. दोन खिडक्या शेजारी उघड्या, दोन्ही काळ्या, दोन्हींचा प्रॉम्प्ट अक्षरशः सारखा. मी चूक लगेच सांगितली, तिकीट मीच उघडलं. टॅग लागला "मानवी चूक". वर्षअखेरीस साहेबांनी ते टॅग नावानिशी मोजले आणि माझ्यासमोर आकडा ठेवला. त्यानंतर आमच्या टीममध्ये असली तिकिटं जवळपास बंद झाली. चुका होतच होत्या, लोक गुपचूप निस्तरायला लागले. अहवालात मात्र "मानवी चुका घटल्या".

घड्याळजी:
पण स्क्रिप्ट चालवली तुम्हीच ना? जबाबदारी नावाची गोष्ट आहे की नाही? सगळं व्यवस्थेच्या माथी मारलं तर कुणी काळजीच घेणार नाही.

सुईदोरा:
जबाबदारी घेतली म्हणूनच तिकीट उघडलं, घड्याळजी. लपवलं असतं तर आज "निष्काळजी" ऐकावं लागलं नसतं.

घड्याळजी:
निष्काळजी हा शब्द मी वापरलेला नाही. तोंडी घालू नका.

सुईदोरा:
शब्द वापरला नाहीत, अर्थ तोच होता. पुढचं ऐका. माझ्याआधी एकाने आणि माझ्यानंतर एकाने हीच चूक केली. तिघं वेगळी, खिडक्या त्याच. तिन्ही तिकिटांवर "मानवी चूक". त्या टॅगवरून काय बदलणार होतात, माणसं? "टेस्ट आणि प्रॉडक्शन ओळखू येत नाहीत" असा टॅग पहिल्याच तिकिटावर असता तर दुसरी मी झाले नसते. शेवटी एका मुलीने प्रॉडक्शनचा प्रॉम्प्ट लाल केला, दहा मिनिटांचं काम.

कंगोरे:
सुईदोरा यांच्याशी सहमत, पण घड्याळजींचंही थोडं पटतं. आमच्याकडे एक जण खरोखरच चेकलिस्ट न वाचता पुढे जायचा. ते कुठल्या टॅगमध्ये बसवायचं?

रात्रपाळी:
कुठल्याच नाही. ते त्याच्याशी दार लावून बोलायचं, टॅगच्या यादीत नाही. आमचा नियम असा की टॅगमध्ये जी गोष्ट लिहिली ती उद्या कुणीतरी हाताने बदलू शकलं पाहिजे. स्टोरेज, साचा, प्रॉम्प्ट बदलता येतो. "मानवी चूक" मध्ये बदलायला हात घालायला जागाच नाही. आणि महिन्याच्या अहवालात माणसाचा रकाना आम्ही येऊच देत नाही. म्हणून त्या क्वेरीत टीम आहे, नाव नाही.

सुईदोरा:
टीमचे आकडेही साहेब लोक असेच वापरतात. आज नाव नाही, उद्या टीमवर बोट.

रात्रपाळी:
हो, ती भीती खरी आहे. त्यावर माझ्याकडे पक्कं उत्तर नाही.

कंगोरे:
अजून एक. आम्ही जॉबला आपोआप तीन वेळा पुन्हा प्रयत्न करायला लावलं आणि तिकिटं निम्म्यावर आली. "साचा दिसला, सुटला" म्हणून टाळ्या पडल्या. सुटलं काहीच नव्हतं, तिसऱ्या प्रयत्नात चालायचं, मग तिकीटच उघडत नव्हतं.

रात्रपाळी:
म्हणून नुसती तिकिटं मोजून भागत नाही. शेड्यूलरच्या लॉगमधून दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नात चाललेले जॉबही मोजा. तो आकडा वाढतोय आणि तिकिटं घटतायत, तर रोग आत गेलाय.

घड्याळजी:
काल रात्री गेल्या महिन्यातली माझी बारा तिकिटं उघडून बसलो. सात तिकिटांत नेमकं काय बिघडलं होतं ते मला आज सांगता येत नाही, आणि ती मीच बंद केलेली आहेत. "लिहिलेलं असतंच" हे वाक्य मागे घेतो. बंद करताना सक्तीचा ड्रॉपडाउन मात्र अजिबात नको, त्यावर हटणार नाही. गुरुवारी अर्धा तास बसायला आमच्या टीममधला एक जण तयार झालाय. चार आठवडे बघतो. सुईदोरा, त्या तिकिटांबद्दल बोललो ते घाईत बोललो.

सुईदोरा:
ठीक. प्रॉम्प्ट लाल करून घ्या आधी.