मदत हवी आहे: दम लागणाऱ्या पेशंटची हिस्टरी कुठल्या क्रमाने घ्यायची?

नाशिकला एमबीबीएस करतोय, लाँग केसची प्रॅक्टिस चालूये. वॉर्डात निफाडकडचे एक द्राक्षबागायतदार बाबा आहेत, तक्रार एकच, दम लागतो. आधी कधीपासून, एकदम का हळूहळू, किती चालल्यावर, मग आडवं पडल्यावर वाढतो का, उशा किती लागतात, रात्री दम लागून उठावं लागतं का, पाय सुजतात का असं हार्टचं उरकलं, नंतर खोकला, बेडका, छातीत शिट्टी वाजते का. पुढे जुने आजार, गोळ्या, घरातले आजार, बिडी-तंबाखू. आणि सगळं झाल्यावर बाबा म्हणतात, फवारणीच्या दिवशी जास्तच लागतो बघा! आता केस सांगताना हे पर्सनल हिस्टरीतच ठेवू का वर प्रेझेंट इलनेसमध्ये आणू? आणि छातीत दुखत नाही, थुंकीत रक्त नाही, हे नकार लगेच सांगायचे का शेवटी एकत्र? सिनियर्स, सांगा ना प्लीज.