मदत हवी आहे: एचबीएसएजी निगेटिव्ह, तरी उत्तर 'अक्यूट' कसं?

दुसरं_वर्ष
परवा मायक्रोचा पेपर आहे आणि हिपॅटायटिस बीच्या केसमध्ये मी सलग तिसऱ्यांदा चुकले. कोष्टक तोंडपाठ आहे, तरी.

केस अशी: २७ वर्षांचा पुरुष. एचबीएसएजी निगेटिव्ह, अँटी-एचबीएस निगेटिव्ह, अँटी-एचबीसी पॉझिटिव्ह. मी 'पूर्वी होऊन बरा झालेला संसर्ग' लिहिलं. उत्तरसूचीत 'अक्यूट संसर्ग, विंडो पिरियड' आहे. अँटीजेनच नाही तर अक्यूट कसा? कोणीतरी लवकर सांगा प्लीज.

पहाटवारा
अँटी-एचबीसी कुठली, आयजीएम की टोटल? आणि रुग्ण आला कशासाठी होता?

दुसरं_वर्ष
कोअर अँटीबॉडी पॉझिटिव्ह, बस. आयजीएमने एवढा काय फरक पडतो? मला फक्त सूची बरोबर आहे की चूक ते हवंय.

निखळ
सूची चूक आहे. सरळ नियम आहे: एचबीएसएजी निगेटिव्ह म्हणजे संसर्ग नाही. अँटी-एचबीएस पॉझिटिव्ह म्हणजे लस. कोअर पॉझिटिव्ह म्हणजे जुना संसर्ग. मी फार्मसीच्या परीक्षेला हेच तीन लक्षात ठेवले होते, कधी अडलं नाही.

लॅब_सातारा
निखळ, यातलं पहिलं वाक्य रक्तपेढीत कोणी बोललं तर मी त्याला रिपोर्टवर सही करू देणार नाही. दुसरंही अर्धंच आहे, कारण आजार होऊन बरा झालेल्याचंही अँटी-एचबीएस पॉझिटिव्ह येतं.

दुसरं वर्ष, टोटल कोअरच्या किटमध्ये आयजीएम आणि आयजीजी दोन्ही पकडली जातात. ती गेल्या महिन्यातल्या संसर्गालाही पॉझिटिव्ह आणि वीस वर्षांपूर्वीच्यालाही. त्यामुळे 'कोअर पॉझिटिव्ह' एवढ्यावर कोणी काही सांगू शकत नाही. प्रश्न नीट वाचून पूर्ण टाका.

दुसरं_वर्ष
बरं, पूर्ण टाकते. 'चार महिन्यांपूर्वी कावीळ, तेव्हा एचबीएसएजी पॉझिटिव्ह. आता तक्रार नाही, एएलटी जवळपास नॉर्मल. एचबीएसएजी निगेटिव्ह, अँटी-एचबीएस निगेटिव्ह, अँटी-एचबीसी आयजीएम पॉझिटिव्ह.' आयजीएम खालच्या ओळीत होतं. मी कोष्टकाशी ताडून बघत होते, त्यामुळे वरची गोष्ट वाचलीच नाही.

पहाटवारा
मग सूची बरोबर आहे. या माणसाच्या शरीरात काय क्रमाने झालं ते बघा, कोष्टक थोडा वेळ बाजूला ठेवा.

विषाणू नारळासारखा समजा. बाहेरची करवंटी म्हणजे सरफेस अँटीजेन, आतलं खोबरं म्हणजे कोअर. संसर्ग झाला की यकृतातल्या पेशी करवंटीचे तुकडे भरमसाट बनवून रक्तात सोडतात, म्हणून एचबीएसएजी सगळ्यात आधी दिसतो, कावीळ व्हायच्याही आधी. कोअर अँटीजेन असा मोकळा रक्तात फिरत नाही, म्हणून आपण तो रक्तात शोधत नाही, त्याच्याविरुद्धची अँटीबॉडी शोधतो. ती लक्षणं सुरू व्हायच्या सुमारास येते, आधी आयजीएम.

पुढे रुग्ण बरा होऊ लागला की करवंटी नाहीशी होते. आपली अपेक्षा असते की लगेच अँटी-एचबीएस दिसावी. पण सुरुवातीला जी तयार होते ती उरलेल्या अँटीजेनला चिकटून जाते. दोघंही एकमेकांत गुंतलेले, त्यामुळे टेस्टला ना हा सापडतो ना ती. काही आठवडे, कधी काही महिने अशी पोकळी राहते. त्या काळात साक्षीदार एकच, अँटी-एचबीसी आयजीएम. तुमचा २७ वर्षांचा माणूस नेमका तिथे उभा आहे. चार महिन्यांपूर्वीचा पॉझिटिव्ह रिपोर्ट हा या केसमधला सगळ्यात मोलाचा धागा.

माईची_लेक
माझ्या मिस्टरांना रक्तदानाच्या वेळी एचबीएसएजी पॉझिटिव्ह निघालं. त्रास काहीच नाही. घरात सासूबाई म्हणतात की गावाकडे एक जण कावीळ उतरवतात, तिकडे न्या. तेलकट बंद केलंय. अजून काय पथ्य पाळावं?

लॅब_सातारा
ताई, इथे परीक्षेच्या प्रश्नावर बोलणं चालू आहे.

पहाटवारा
असू द्या, विचारू दे. ताई, पथ्याने अँटीजेन जात नाही. दारू मात्र पूर्ण बंद. मिस्टरांना लिव्हरच्या डॉक्टरांकडे न्या, ते एचबीव्ही डीएनए, एएलटी आणि एचबीईएजी बघतील. सहा महिन्यांनी एचबीएसएजी पुन्हा करा. तेव्हाही पॉझिटिव्ह असेल तर तो क्रॉनिक धरतात. आणि तुमची, मुलांची एचबीएसएजी, अँटी-एचबीएस आणि टोटल अँटी-एचबीसी तपासून घ्या. ज्यांना संसर्ग नाही आणि संरक्षणही नाही त्यांना लस, शून्य, एक आणि सहा महिन्यांनी.

कावीळ उतरवणाऱ्यांबद्दल एवढंच: मोठ्या वयात अक्यूट हिपॅटायटिस बी झालेल्या शंभरातले ९५ च्या आसपास आपोआप बरे होतात, श्रेय औषधाला मिळतं. जन्माच्या वेळी आईकडून लागण झालेल्या बाळांत उलटं, लस वगैरे न दिल्यास ९० टक्क्यांच्या आसपास क्रॉनिक होतात. मिस्टरांना कावीळ झालेलीच नाही, उतरवायचं काय?

माईची_लेक
मुलांना सरकारी दवाखान्यात सगळ्या लशी दिल्या आहेत. धन्यवाद डॉक्टर, उद्याच रक्त देतो सगळे.

दुसरं_वर्ष
आता दुसरी केस, यातही अडले. २१ वर्षांची नर्सिंगची विद्यार्थिनी. एचबीएसएजी निगेटिव्ह, अँटी-एचबीएस १८० मिली आययू. कोअरबद्दल काहीच दिलेलं नाही, यावेळी खरंच दिलेलं नाही, दोनदा वाचलं. उत्तर 'लसीकरण'. मला पटत नाहीये.

निखळ
इथे तरी माझं बरोबर आहे. तरुण मुलगी, नर्सिंग, लस घेतलेलीच असणार. शिवाय १८० म्हणजे भरपूर. लशीने टायटर जास्त येतं, नैसर्गिक संसर्गाने कमी.

लॅब_सातारा
टायटरवरून लस की आजार हे ठरत नाही. दोन्हींमध्ये काही शे पण बघितलेत आणि जेमतेम १२ पण. १० च्या वर म्हणजे संरक्षण आहे, एवढंच आकडा सांगतो. संरक्षण कुठून आलं ते सांगत नाही.

पहाटवारा
आणि वयावरून गृहीत धरू नका. भारतात हिपॅटायटिस बीची लस २००२ मध्ये काही निवडक शहरांत आणि जिल्ह्यांत सुरू झाली, देशभर २०११ पासून. आज २१ वर्षांच्या मुलीला बाळपणी ती मिळाली असेलच असं नाही. नर्सिंगला प्रवेश घेताना मिळाली असेल, पण ते केसमध्ये लिहायला हवं होतं.

इथे नारळ पुन्हा कामाला येतो. लशीत फक्त करवंटी असते, यीस्टमध्ये तयार केलेला सरफेस अँटीजेन. खोबरं शरीराने कधी पाहिलेलंच नसतं, मग त्याविरुद्ध अँटीबॉडी येणार कुठून? म्हणून लस असेल तर अँटी-एचबीएस एकटी; संसर्ग होऊन बरा झाला असेल तर तिच्यासोबत टोटल अँटी-एचबीसीही. ती टेस्ट नसेल तर 'लस किंवा जुना संसर्ग' एवढंच प्रामाणिक उत्तर.

निखळ
पण हा फरक करून उपयोग काय? दोघंही सुरक्षित.

पहाटवारा
आज सुरक्षित, हो. पण बऱ्या झालेल्या माणसाच्या यकृताच्या पेशींत विषाणूचा डीएनए दडून राहतो. पुढे त्याला लिम्फोमासाठी रिटुक्सिमॅब द्यायची वेळ आली, तर तो विषाणू उसळू शकतो. लस घेतलेल्यात मुळात दडलेलं काही नसतं. म्हणून ते औषध देण्याआधी कोअर बघितलीच जाते.

स्टाफनर्स_नांदेड
माझं वेगळंच झालं होतं. हिपॅटायटिस बीचा डोस घेतला आणि चौथ्या दिवशी कामाच्या ठिकाणच्या तपासणीत एचबीएसएजी पॉझिटिव्ह. घरी आठवडाभर जेवण गेलं नाही कोणाला. महिन्याने निगेटिव्ह आलं. लस दिल्याचं मी सांगितलं नव्हतं आणि कोणी विचारलंही नव्हतं.

लॅब_सातारा
लशीत तोच अँटीजेन असतो, तो काही दिवस रक्तात सापडू शकतो, १८ दिवसांपर्यंत सापडल्याची नोंद आहे. म्हणून आम्ही रक्तदात्याला लशीची तारीख विचारतो. तुमची आयजीएम कोअर केली होती का?

स्टाफनर्स_नांदेड
आठवत नाही. बहुतेक नाही.

दुसरं_वर्ष
म्हणजे आयजीएम पॉझिटिव्ह असेल तर डोळे झाकून अक्यूट लिहू ना? निदान एवढं तरी पक्कं असू दे.

लॅब_सातारा
परीक्षेत लिहा. एचबीएसएजी पॉझिटिव्ह आणि आयजीएम पॉझिटिव्ह म्हणजे अक्यूट. एचबीएसएजी पॉझिटिव्ह, टोटल कोअर पॉझिटिव्ह, आयजीएम निगेटिव्ह म्हणजे क्रॉनिक. परीक्षक यापुढे जात नाही.

पहाटवारा
परीक्षेत मान्य. वॉर्डात मात्र मी यावर फसलोय. चाळिशीचा माणूस पहिल्यांदाच कावीळ घेऊन आला, एएलटी हजाराच्या वर, एचबीएसएजी आणि आयजीएम दोन्ही पॉझिटिव्ह. मी अक्यूट लिहिलं आणि घरच्यांना 'बहुतेक बरा होईल' सांगितलं. सहा महिन्यांनी एचबीएसएजी तसाच. तो लहानपणापासूनचा क्रॉनिक होता आणि आजार मध्येच भडकला होता. अशा भडक्यातही आयजीएम पुन्हा उगवते, बहुधा कमी प्रमाणात. मागे वळून पाहिलं तर सोनोग्राफीत यकृताची कड खडबडीत लिहिलेली होती. ताज्या संसर्गात तशी होत नाही. मी ती ओळ वाचली, तिचा अर्थ घेतला नाही.

लॅब_सातारा
म्हणूनच मी रिपोर्टवर फक्त पॉझिटिव्ह न लिहिता कट-ऑफच्या किती पट ते छापतो. कट-ऑफला चिकटून असेल तर डॉक्टरला निदान शंका यावी.

पहाटवारा
आकड्याची मदत होते, पण दोन किटचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. मी अजूनही जुना रिपोर्ट मागतो. बायकोच्या गरोदरपणात किंवा एखाद्या ऑपरेशनआधी कधीतरी तपासणी झालेली असते, ती फाईल घरात सापडते.

लॅब_सातारा
आणि नाही सापडली तर? अर्ध्या लोकांकडे कागद नसतो. अशा वेळी आकडाच हातात असतो.

दुसरं_वर्ष
मी पहिली केस पुन्हा सोडवली, यावेळी तारखांची रेघ मारून. चार महिने मागे एचबीएसएजी, मग पोकळी, आज आयजीएम. बसलं. दुसऱ्या केसमध्ये पर्याय 'लसीकरण', 'जुना संसर्ग', 'क्रॉनिक', 'विंडो' असेच आहेत, 'सांगता येत नाही' नाही. पेपरात असाच आला तर काय खूण करू?

निखळ
लसीकरण.

लॅब_सातारा
लसीकरण करा. कोअर दिलीच नसेल तर प्रश्न काढणाऱ्याच्या मनात तेच असतं.

पहाटवारा
खूण लसीकरणावर करा. पेपर झाला की सरांना विचारा, कोअर का दिली नाही. मीही तुमच्या वयात विचारायला हवं होतं.