आजीआजोबांचा टीव्ही आवरून देताना काय काय झालं? अनुभव सांगा

दांडियाबाजारची नात

दिवाळीत बडोद्याला गेले तेव्हा काकाने घरी नवा अँड्रॉइड टीव्ही आणून ठेवला होता. आजी ७९ वर्षांची, आजोबा ८४. रिमोटवरचं घराचं बटण दाबलं की वीसेक चौकोन, खाली हलणाऱ्या जाहिराती, आणि दोघं पडद्याकडे बघत बसलेली. त्यांना लागतं एवढंच: छतावरच्या डिशचा डबा, यूट्यूबवरची कीर्तनं, आणि चुकलेले मालिकेचे भाग जिथे मिळतात ते एक अ‍ॅप.

एक दुपार घालवली. नको त्या चौकोनावर जाऊन ओके बटण दाबून धरलं की ते आवडत्यांतून काढायचा पर्याय येतो, तसं एकेक काढलं आणि यूट्यूब सगळ्यांत पुढे आणलं. जाहिरातींच्या ओळी सेटिंगमधल्या होम स्क्रीनच्या पानावर बंद केल्या. मग Inputs मध्ये जाऊन HDMI 1 ला स्वतःचं नाव दिलं आणि रिकामे इनपुट लपवले.

नाव मी टाकलं "सेट टॉप बॉक्स". आजोबांनी चष्मा लावून वाचलं. "हा कुठला बॉक्स? आपली केबल कुठे गेली?" केबलवाला आमच्याकडे येईनासा होऊन कित्येक वर्षं झाली, पण घरात त्या डब्याला अजून केबलच म्हणतात. मी मुकाट्याने "केबल" केलं आणि त्या मिनिटापासून त्यांना सापडू लागलं.

पुण्याला परतल्यावर दोन दिवसांनी आजीचा फोन. "केबल गेली गं, तिथे काहीतरी इंग्रजी आलंय." व्हिडिओ कॉलवर बघते तर खरंच, माझ्या नावाच्या जागी डब्याच्या कंपनीचं नाव. आजोबांनीच काहीतरी दाबलं असणार म्हणून मी त्यांना बोलले. संध्याकाळी डबा बंद केला, तर "केबल" आपोआप परत! आजोबांची माफी मागितली, पण हे होतं कशाने? आणि तुम्ही कुणी आपल्या घरी असं करून दिलं असेल तर तेही लिहा.

मांडवीवाला

टीव्ही स्वतःला अपडेट करतो, त्यात नावं पुसली जातात. आमच्याकडे आईच्या टीव्हीवर काढून टाकलेली दोन अ‍ॅप्स अपडेटनंतर पुन्हा येऊन बसली. ऑटो अपडेट बंद करून टाक, प्रश्न मिटेल.

रावपुऱ्याचा फिटर

काढलेली अ‍ॅप्स अपडेटने परत येतात, हे खरं. पण अपडेटने पुसलेलं नाव डबा बंद केल्यावर परत कसं येईल? ही खूण वेगळ्याच गोष्टीची आहे.

एचडीएमआयच्या वायरीतून चित्र आणि आवाज जातो, तशी उपकरणं एकमेकांशी थोडं बोलतातही. त्याला सीईसी म्हणतात. सॅमसंगवर ते Anynet+ नावाने सापडेल, एलजीवर Simplink, सोनीवर Bravia Sync. डबा चालू झाला की तो टीव्हीला आपलं नाव कळवतो. मग अँड्रॉइड टीव्ही यादीत HDMI 1 च्या भोकाऐवजी त्या उपकरणाची नोंद दाखवतो. तू नाव दिलंस ते भोकाला. डबा बंद असला की भोक दिसतं, चालू असला की डबा दिसतो.

म्हणून आधी डबा चालू ठेव, त्याची नोंद यादीत येऊ दे, आणि मग त्या नोंदीलाच "केबल" नाव दे. तेवढ्याने टिकलं तर उत्तम. नाही टिकलं तर सीईसी बंद कर. मग टीव्हीला डब्याचं नावच कळणार नाही आणि तुझं नाव हलणार नाही.

आणि ते लपवलेले इनपुट कोणते, एवढं कागदावर लिहून टीव्हीच्या मागे चिकटव. माझ्या एका गिऱ्हाइकाच्या मुलाने एव्ही लपवलं होतं. म्हाताऱ्यांनी लग्नाची सीडी बघायला जुना प्लेअर काढला आणि टीव्ही बिघडला म्हणून मला बोलावलं.

इंदूरची माई

आमच्या इंदूरला सासूबाईंच्या मोबाइलचं उलटंच आहे. होम स्क्रीनवर मी चारच चिन्हं ठेवली होती, फोन, व्हॉट्सअ‍ॅप, फोटो, गजर. आठ दिवसांत फोनचं चिन्ह कुठल्या कुठे! त्यांचं बोट जरा थरथरतं आणि चिन्हावर टेकून राहतं, मग ते उचललं जातं नि भलतीकडे पडतं. सॅमसंगच्या फोनवर होम स्क्रीनची मांडणी कुलूपबंद करता येते, ते केलं. शिवाय अ‍ॅक्सेसिबिलिटीमध्ये बोट किती वेळ टेकलं की "धरलं" म्हणायचं, ते सगळ्यांत लांब ठेवलं. तेव्हापासून चिन्ह जागच्या जागी.

मांडवीवाला

माई, धागा टीव्हीचा आहे. पण ते बोट टेकून राहायचं टीव्हीच्या रिमोटलाही लागू पडतं बघा. आमची आई ओके इतकं सावकाश दाबते की चॅनल लागायच्या ऐवजी "हलवा, काढा" अशी पाटी उघडते.

सुरसागर

मी नावाच्या नादात फसलो. वडिलांच्या सॅमसंगवर इनपुटची नावं यादीतून निवडायची होती. डब्याला जुळेल असं काही दिसेना, म्हणून PC ठेवलं, छोटं आणि मोठ्या अक्षरांत. दुसऱ्या दिवशी वडील म्हणाले, रंग असे कसे झाले? चित्राच्या निम्म्या सेटिंग्ज हात लावू देईनात. टीव्ही ते नाव नुसतं वाचत नाही, खरंच संगणक जोडलाय असं धरून चित्र बदलतो. नाव बदललं तशी चित्राची तक्रार संपली. तासभर मी वायरीला दोष देत होतो.

अलकापुरी

आमच्याकडे गूगल टीव्ही आहे. त्यात खात्याच्या पानावर Apps only mode चालू केलं की शिफारशी जातात, फक्त अ‍ॅप्स उरतात. मला वाटलं, झालं काम. पण आजोबा रिमोटच्या माइकवर भजनाचं नाव बोलून लावायचे, तो असिस्टंटही त्याबरोबर बंद झाला. ८८ व्या वर्षी त्यांना टाइप करायला सांगू? पुन्हा पूर्वीसारखं केलं. जाहिराती परत आल्या, भजनंही. आजी म्हणते जाहिराती तिला दिसतच नाहीत, ती डोळे मिटूनच ऐकते.

दांडियाबाजारची नात

फिटरदादा, कालच भावाला घरी पाठवलं. डबा चालू ठेवून त्याच नोंदीला "केबल" दिलं, रात्रभर टिकलं. सकाळी वीज गेली आणि आली, पुन्हा इंग्रजी नाव. मग सीईसी बंद केलं. आता नाव पक्कं आहे, पण टीव्हीला काकाने साउंडबारही जोडलेला, त्याचा आवाज टीव्हीच्या रिमोटने कमीजास्त होईना.

रावपुऱ्याचा फिटर

होणारच. साउंडबार एचडीएमआयच्या एआरसी भोकात असेल, तर आवाजाचा हुकूमही सीईसीवरूनच जातो. ऑप्टिकल वायर लावून पाहा. काही टीव्ही त्या वाटेनेही आवाज हलवू देत नाहीत, मग साउंडबारचा रिमोट घ्यावा लागतो. डब्यातच सीईसी बंद करता येतं का तेही बघ. आलं तर टीव्हीचं पुन्हा चालू कर, साउंडबारही ऐकेल आणि नावही राहील. सगळ्या डब्यांत तो पर्याय मिळत नाही.

दांडियाबाजारची नात

डब्याच्या सेटिंगमध्ये भावाला तसं काही मिळालं नाही. आजी म्हणते तिसरा रिमोट घरात आणायचा नाही, त्यापेक्षा साउंडबार काढून ठेवा. आजोबांना मात्र तो आवाज हवा आहे. डब्याच्या पुढच्या बाजूला काही मेनूचं बटण दिसतंय, ते रविवारी दाबून बघतो म्हणालाय.