परत दिलेलं पार्सल नेलं, रिफंड मात्र नाही. पत्र बघून द्याल का?

मेघना_क: मदत हवी आहे. ऑनलाइन घेतलेला मिक्सर खराब निघाला म्हणून परत केला. कुरिअरवाला घरून घेऊन गेला, त्याला आता कित्येक आठवडे झाले. अॅपमध्ये अजून ‘पिकअप पूर्ण’ एवढंच दिसतं. चॅटवर दर वेळी नवीन माणूस येतो आणि ‘४८ तास थांबा’ म्हणतो. आता तक्रार विभागाला हे पाठवतेय:

“मी तुमची जुनी ग्राहक आहे. पार्सल परत देऊनही पैसे न मिळाल्याने फार मनस्ताप झाला आहे. कृपया लवकरात लवकर रिफंड करावा.”

काय बदलू?

रानवारा: बँकेत अडकलं असेल. कार्डावर पैसे यायला वेळ लागतोच. बँकेला विचार.

हिशेबनीस: रानवारा, ते रिफंड सुटल्यावरचं झालं. इथे तो सुटलेलाच दिसत नाही. पार्सल गोदामात पोचतं, तिथे तपासतात आणि मग पैसे सोडतात. मेघनाताई, परतीच्या पार्सलचा ट्रॅकिंग नंबर वेगळा असतो. तो कुरिअरच्या साइटवर टाकून बघा. बरेच जण वस्तू आली तेव्हाचाच नंबर टाकत बसतात.

चिंगी: माझे पैसे त्यांच्याच वॉलेटमध्ये टाकले होते, मी बँकेत शोधत होते!

मेघना_क: वॉलेट रिकामं आहे. परतीचा नंबर पिकअपच्या एसएमएसमध्ये सापडला. पार्सल कुरिअरच्या हबवर पोचलेलं दिसतंय, पुढे काहीच नोंद नाही.

हिशेबनीस: म्हणजे ते त्यांच्याच कुरिअरकडे अडकलंय. पत्राचा सगळा भर यावरच द्या, मनस्तापाचं वाक्य काढा. असं लिहा:

“ऑर्डर क्रमांक अमुक. परतीचं पार्सल तुमच्या कुरिअरने अमुक तारखेला माझ्याकडून ताब्यात घेतलं. एसएमएस आणि ट्रॅकिंगचा स्क्रीनशॉट सोबत आहे. रिफंड सोडला असल्यास तारीख, रक्कम आणि बँकेचा संदर्भ क्रमांक कळवा. सोडला नसल्यास कारण लेखी द्या. पार्सल ताब्यात घेतल्यानंतर ते वाटेत गहाळ झालं तर ती जबाबदारी माझी नाही. पूर्ण रक्कम अमुक तारखेपर्यंत मूळ कार्डावरच जमा करा.”

खरी तारीख घाला. ‘लवकरात लवकर’ला उत्तर म्हणून पुन्हा ‘४८ तास’च येतील. संदर्भ क्रमांक मिळाला तर बँक त्यावरून रक्कम शोधू शकते. तोही देता आला नाही, तर पैसे अजून त्यांच्याकडेच आहेत असं धरायला हरकत नाही. आणि ट्रॅकिंगचं पान आजच जपून ठेवा, जुन्या नोंदी साइटवरून निघून जातात.

मेघना_क: खूप आभार. कार्डाने पैसे भरले होते, मग चार्जबॅक मागू का, म्हणजे बँकेकडूनच तो व्यवहार उलटवून घेऊ का?

हिशेबनीस: मागता येतो, पण त्याला मुदत असते. ती बँकेला आजच विचारा, उत्तराची वाट बघण्यात निघून जायला नको.

रानवारा: जपून. माझ्या मित्राने चार्जबॅक केला आणि त्याचं तिथलं खातंच बंद झालं.

हिशेबनीस: तसं होऊ शकतं. तरी रक्कम मोठी असेल तर मी खात्याची फिकीर करणार नाही.

मेघना_क: त्या खात्यात माझ्या दुसऱ्या वस्तूंच्या वॉरंटीची बिलं आहेत. ती आधी उतरवून घेते. पत्र आज जातंय, उत्तर आलं की इथेच टाकेन.