शब्दचर्चा: रिलीव्हिंग लेटर अडकलंय, रुजू व्हायची तारीख पुढे कशी मागायची?

निशिगंध:
पुण्यातल्या एका खाजगी कंपनीतून बाहेर पडतोय. 30 मे हा शेवटचा दिवस. एका नागरी सहकारी बँकेत संगणक विभागात निवड झाली आहे आणि 2 जूनला तिथे हजर व्हायचंय. बँकेचा सगळा कारभार मराठीत, त्यामुळे अर्जही मराठीतच द्यावा लागणार. नियुक्तीपत्रातली दोन वाक्यं जशीच्या तशी देतो: "रुजू होतेवेळी पूर्वीच्या सेवेतील कार्यमुक्ती पत्र सादर करणे बंधनकारक राहील" आणि "विहित दिनांकापर्यंत रुजू न झाल्यास सदर नियुक्ती आपोआप रद्द समजण्यात येईल". आता कंपनी म्हणते, हिशेब मिटल्याशिवाय रिलीव्हिंग लेटर निघत नाही, 13 जून तरी उजाडेल. मी असं लिहिलंय:

"महोदय, माझे मुक्तीपत्र विलंबित झाल्यामुळे मी अद्याप कार्यमुक्त नाही. तरी माझी रूजू तारीख पत्र मिळेपर्यंत पुढे ढकलावी ही विनंती."

'मुक्तीपत्र' चालतं का? आणि 'ढकलावी' जरा उद्धट वाटतं का?

अर्धविराम:
'मुक्तीपत्र' वाचून आधी काशीयात्रा आठवली. 'कार्यमुक्ती पत्र' लिहा, बँकेनेच तो शब्द दिलाय. दुसरं, 'रूजू' नव्हे, 'रुजू'. पहिला उकार ऱ्हस्व. 'रुजणे'वरून आलाय ना तो, रोप रुजतं तसा माणूस नव्या जागी रुजतो. आणि 'तारीख पुढे ढकलणे'साठी सरकारी शब्द तयार आहे: 'पदग्रहण अवधी'. "पदग्रहण अवधी वाढवून मिळावा" असं लिहा, भारदस्त वाटेल.

दप्तरदार:
ऱ्हस्व उकाराचं बरोबर. व्युत्पत्ती मात्र गोड असली तरी खरी नाही. 'रुजू' अरबीतून फारसीमार्गे आला, मुळात वळणे, परतणे असा अर्थ. हिशेब ताडून पाहायला आपण 'रुजुवात' म्हणतो तो त्याच घरातला. 'रुजणे' वेगळं, त्याचा याच्याशी संबंध नाही.

आणि 'पदग्रहण अवधी' इथे अजिबात लिहू नका. मी जिल्हा परिषदेत आस्थापना टेबलावर बरीच वर्षं काढली आहेत. महाराष्ट्र नागरी सेवा नियमांमध्ये 1981 चे त्याच नावाचे स्वतंत्र नियम आहेत. बदली झालेल्या कर्मचाऱ्याला जुन्या जागेवरून नव्या जागी पोचायला जे दिवस मिळतात, तो पदग्रहण अवधी. ते दिवस सेवेत धरले जातात. खाजगी नोकरी सोडून बँकेत जाणाऱ्याला असा अवधी नसतोच, मग वाढवणार काय? बँकेतल्या माणसाने तो शब्द वाचला तर तुम्ही मधल्या दिवसांचा पगार मागताय असं त्याला वाटेल.

तुम्हाला हवी आहे ती 'मुदतवाढ'. "रुजू होण्यास मुदतवाढ मिळण्याबाबत" हा विषय.

खडूफळा:
माझ्या बाबतीत असंच झालं होतं. एका संस्थेच्या शाळेतून दुसऱ्या संस्थेत गेले तेव्हा पहिल्या मुख्याध्यापकांनी कार्यमुक्तीचा कागदच अडवून धरला. ग्रंथालयाची दोन पुस्तकं माझ्या नावावर होती म्हणे. पुस्तकं दिली, तरी आणखी आठवडा गेला. निशिगंध, तुम्ही बदली रद्द करून घ्यायचा अर्ज करताय का? तसं असेल तर कारण वैद्यकीय दाखवलेलं बरं.

निशिगंध:
नाही ताई, बदली नाही, नोकरीच बदलतोय. पण पुस्तकांचा किस्सा अगदी ओळखीचा वाटला. माझं ना देय प्रमाणपत्र लेखा विभागात अडकलंय, प्रवासाच्या एका आगाऊ रकमेचं बिल जुळत नाही म्हणून. लॅपटॉप, ओळखपत्र सगळं 30 तारखेला जमा होईल.

दप्तरदार:
मग मला एक सांगा. 30 मे रोजी तुम्ही मोकळे होणार आहात की नाही? म्हणजे काम थांबणार, हजेरी थांबणार, पगार थांबणार, असं कंपनीने लेखी कळवलंय का?

निशिगंध:
हो. राजीनामा स्वीकारल्याचा मेल आहे, त्यात शेवटचा दिवस 30 मे असं स्पष्ट लिहिलंय. फक्त लेटर नंतर.

दप्तरदार:
इथेच तुमच्या मसुद्यातली खरी अडचण आहे. 'ढकलावी' राहू द्या बाजूला. "मी अद्याप कार्यमुक्त नाही" असं तुम्ही लिहिलंय. याचा अर्थ तुम्ही अजून त्या कंपनीचे नोकर आहात. बँकेचा अधिकारी वाचेल आणि विचारेल, नोटीस पुरी झाली नाही का? राजीनामा मंजूर नाही का? जुनी कंपनी सोडतच नाही का? कार्यमुक्त होणं ही घटना आहे, पत्र हा तिचा पुरावा. तुमची घटना 30 मे रोजी घडते, पुरावा 13 जूनला हातात पडतो. "दि. 30 मे रोजी कार्यमुक्त होत असून कार्यमुक्ती पत्र अद्याप प्राप्त झालेले नाही" असं लिहिलंत की वाचणाऱ्याच्या शंका तिथेच मिटतात.

आमच्याकडे तर आदेशात मध्यान्हपूर्व की मध्यान्होत्तर कार्यमुक्त केलं तेही घालतात. अर्ध्या दिवसावरून भांडणं झालेली मी पाहिली आहेत.

सईबाई:
मी पुण्यात एका कंपनीत मनुष्यबळ विभागात आहे, म्हणजे समोरच्या बाजूची. काकांनी केलेला फरक आमच्याकडेही रोज लागतो. उमेदवार लिहितो "अजून रिलीव्ह झालो नाही", फोन केला की कळतं, झालाय, फक्त कागद यायचाय. कागदच यायचा असेल तर बऱ्याच खाजगी कंपन्या तारीख पुढे नेतच नाहीत. राजीनामा स्वीकारल्याचा मेल घेतात, ठराविक दिवसांत पत्र आणून देतो असं हमीपत्र घेतात आणि ठरल्या दिवशी रुजू करून घेतात. म्हणून मी आधी तीच सवलत मागेन: "कार्यमुक्ती पत्र नंतर सादर करण्याच्या अटीवर रुजू करून घ्यावे". मुदतवाढ दुसरा पर्याय म्हणून. मधले दोन आठवडे ना इकडचा पगार ना तिकडचा, हे लक्षात घ्या.

अर्धविराम:
किंवा भविष्य निर्वाह निधीच्या पोर्टलवर `Service History` उघडून नोकरी सोडल्याची तारीख दाखवा. सरकारी पुरावा, विषय संपला.

सईबाई:
ती तारीख आधी जुन्या कंपनीने भरावी लागते, आणि जी कंपनी पत्रच देत नाहीये ती हे तातडीने करेल असं नाही. सभासदाला स्वतः भरता येते, पण शेवटची वर्गणी जमा झाल्यावर दोन महिने उलटले की मग. 2 जूनला त्याचा उपयोग शून्य.

निशिगंध:
बँकेत फोन करून विचारलं. "बंधनकारक" म्हणजे बंधनकारकच, पत्राशिवाय रुजू करून घेणार नाहीत. पण अर्ज द्या, संचालक मंडळापुढे ठेवू म्हणाले. म्हणजे मुदतवाढच. दुरुस्त मसुदा:

"विषय: रुजू होण्यास मुदतवाढ मिळण्याबाबत.
संदर्भ: आपले नियुक्तीपत्र, जा.क्र. व दिनांक.

महोदय, उपरोक्त नियुक्तीपत्रानुसार मला दि. 2 जून रोजी रुजू व्हावयाचे आहे. माझा राजीनामा सध्याच्या कंपनीने स्वीकारला असून दि. 30 मे रोजी मी कार्यमुक्त होत आहे. तथापि, कंपनीतील अंतिम हिशेब पूर्ण न झाल्याने कार्यमुक्ती पत्र अद्याप प्राप्त झालेले नाही. ते मिळेपर्यंत मला मुदतवाढ द्यावी, ही विनंती. राजीनामा स्वीकृतीची प्रत सोबत जोडली आहे."

दप्तरदार:
छान उतरलाय. पण "ते मिळेपर्यंत" काढा. ही मुदतवाढ नाही, ही बेमुदत आहे. 'मुदत' शब्दातच टोक आहे, त्याला तारीख लागते. मंडळापुढे ठराव लिहिणाऱ्याला एक तारीख द्या म्हणजे तो ती उचलून ठरावात टाकेल. नाही दिलीत तर तो स्वतःच्या मनाने टाकेल, नाहीतर फाईल शेऱ्यासह परत फिरेल.

कंपनी 13 म्हणते तर तुम्ही 13 मागू नका. दोन-तीन दिवस हाताशी ठेवा. दुसऱ्यांदा मुदतवाढ मागणं पहिल्यापेक्षा फार जड जातं.

निशिगंध:
मग "दि. 16 जूनपर्यंत मुदतवाढ द्यावी". इथे 'पर्यंत'मध्ये 16 तारीख येते ना? की 15 ला संपते?

अर्धविराम:
'पर्यंत' म्हणजे त्या टोकाला टेकेपर्यंत. 15 लाच संपणार.

सईबाई:
मला तर 16 धरूनच वाटते. "शनिवारपर्यंत पैसे भरा" म्हटलं की आपण शनिवारी भरतोच की.

दप्तरदार:
कार्यालयीन वापरात 16 धरतात. पण वाद मुळातच राहू नये म्हणून "दि. 16 जून रोजी मध्यान्हपूर्व रुजू होण्याची परवानगी मिळावी" असं लिहिता येईल. मग 'पर्यंत'ची गरजच नाही.

खडूफळा:
आता माझाही एक प्रश्न. दप्तरदारांनी विषयात 'मिळण्याबाबत' लिहिलंय. आमच्या शाळेच्या प्रत्येक अर्जात 'मिळणेबाबत' असतं. मी मुलांना सामान्यरूप शिकवते, 'मिळणे'चं 'मिळण्या' व्हायला हवं. पण वरून येणाऱ्या पत्रातच 'करणेबाबत', 'सादर करणेत यावे' असतं. कोणतं लिहायचं?

दप्तरदार:
व्याकरण तुमच्या बाजूने आहे. पण आमच्या टेबलावर 'मिळण्याबाबत' लिहिणाऱ्याचा अर्ज साहेबांनी लाल शाईने 'मिळणेबाबत' करून परत पाठवलेला मी पाहिलाय. मी स्वतः निवृत्त झाल्यावर 'मिळण्याबाबत'वर आलो.

अर्धविराम:
'मिळणेबाबत'ची जुनी वहिवाट आहे, ती चूक कशी म्हणता येईल?

खडूफळा:
वहिवाट असली म्हणून पेपरात गुण देऊ का?

सईबाई:
तुमचं चालू द्या. निशिगंध, 'विलंबित' काढलंत ते बरं केलंत, पण "अंतिम हिशेब पूर्ण न झाल्याने" एवढंच ठेवा. बिल जुळत नाही वगैरे आत घालू नका. पैशाचा वाद आहे असं बँकेला वाटलं तर पडताळणीच्या वेळी तेच आधी विचारतील. तुमच्या बाजूची चूक नाही हे सांगायला "अद्याप प्राप्त झालेले नाही" पुरेसं आहे. "कंपनीने अडवून धरले" तर मुळीच नको, उद्या त्याच कंपनीला बँक तुमच्याबद्दल विचारणार आहे.

दप्तरदार:
आणि अर्ज नुसता मेलवर सोडू नका. आवक विभागात द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सहीसह पोच घ्या. पोच 2 जूनच्या आधीची हवी. नियुक्ती "आपोआप रद्द" होणार ती 2 जून उलटल्यावर. मुदत संपल्यावर मागितलेल्या मुदतवाढीला मंडळातला एखादा सभासद म्हणेल, जे संपलं ते वाढवायचं कसं? ठराव 2 तारखेनंतर झाला तरी अर्ज आधीचा आहे हे पोच दाखवेल. तेवढ्याने मंजुरी मिळेलच असं मात्र नाही, तो त्यांचा अधिकार.

निशिगंध:
उद्या सकाळीच आवकला देतो. 'आगाऊ' बिलाचं तेवढं कोणी जुळवून देईल का?

अर्धविराम:
'आगाऊ' माणसाला दोन अर्थ आहेत. त्याचा वेगळा धागा काढा.