बँकेत आले तेवढीच विक्री धरायची का? (ऑनलाइन विक्रीचा ऑगस्टचा हिशोब)

घणसोलीची_कुर्तीवाली:
घरून कॉटन कुर्ती विकते, एकाच साइटवर. ऑगस्ट २०२५ मध्ये १०० कुर्ती गेल्या, प्रत्येकी ५२५ (५०० + ५ टक्के जीएसटी). त्यातल्या १४ परत आल्या. बँकेत महिन्याभरात आले २७,१३०. टॅक्सच्या रकान्यात २५० कापलेत. टीसीएस अर्धा टक्का म्हणजे ८६ कुर्तींवर माझ्या हिशोबाने २१५ होतात. आमचे हिशोब बघणारे म्हणतात, डोकं शिणवू नका, बँकेत आले तेवढी विक्री धरू. धरू का?

ऐरोली_ऑनलाइन:
ताई, तुम्हाला सरळ फसवलंय. टीसीएस परतावा वजा जाता उरलेल्या विक्रीवर लागतो, कायदाच तसा आहे. तुमच्याकडून पूर्ण ५०,००० वर कापलाय, म्हणून २५०. अर्धा टक्का लावून बघा, बरोबर येतो. तक्रार टाका.

हिशोबी_नौपाडा:
ऐरोलीकर, नियम बरोबर सांगितलात, पण २५० चा मेळ योगायोगाने बसलाय. ताई, सारांशाचं पान सोडा आणि तपशिलाची एक्सेल उघडा. त्या रकान्यात दोन वेगळ्या कपाती एकत्र दिसत असणार: जीएसटीचा टीसीएस आणि आयकराचा टीडीएस. टीडीएसचा दर ऑक्टोबर २०२४ पासून ०.१ टक्का आहे. तो ५०,००० वर ५० होतो. मग टीसीएस उरतो २००. बघून सांगा. आणि जुलैत विकलेल्या किती कुर्ती ऑगस्टमध्ये परत आल्या?

घणसोलीची_कुर्तीवाली:
हो दादा, खाली दोन ओळी आहेत, २०० आणि ५०. जुलैच्या ६ परत आल्या होत्या. त्या मी जुलैच्या वहीत खोडल्या.

हिशोबी_नौपाडा:
इथेच तुमचे १५ रुपये अडकलेत. टीसीएससाठी परतावा ज्या महिन्यात आला त्याच महिन्यात वजा होतो, विक्री कुठल्याही महिन्यातली असो. म्हणजे ऑगस्टमध्ये १४ नाही, २० कुर्ती वजा. ८० गुणिले ५०० म्हणजे ४०,०००, त्याचा अर्धा टक्का २००. तुम्ही ६ कुर्तींचे ३,००० जुलैत टाकलेत, त्याचाच अर्धा टक्का १५. साइटचं काही चुकलेलं नाही.

हे २०० जीएसटी पोर्टलवर TDS and TCS Credit Received मध्ये दिसतील. महाराष्ट्रातल्या गिऱ्हाइकांचा भाग केंद्र आणि राज्य असा अर्धा-अर्धा, परराज्यातला एकत्रित. तुम्ही तिथे स्वीकारून फॉर्म भरलात तरच ते तुमच्या कॅश लेजरमध्ये येतात. साइट आपला GSTR-8 पुढच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत भरते, त्याआधी शोधून उपयोग नाही. ५० मात्र आयकराकडे, ते 26AS मध्ये तिमाहीचं विवरण गेल्यावर दिसतील. दोन्ही एका खात्यात टाकलेत तर वर्षाअखेरीला कुठलेच जुळणार नाहीत.

मानपाडा_मर्चंट:
हे सगळं ठीक, पण ८० कुर्तींच्या धंद्याला एवढा पसारा? माझी तीन साइटवर भांडी जातात. मी महिन्याला पाच आकडे घेतो: विक्री, परतावा, फी, कर, बँक. फरक टक्क्याभराच्या आत असला की पान उलटतो. बँकेइतकी विक्री धरणंही छोट्याला चालून जातं, मार्चमध्ये समायोजन करा.

हिशोबी_नौपाडा:
पाच आकडे घेता ते उत्तम. बँकेइतकी विक्री धरायला मात्र माझा ठाम विरोध. साइटने GSTR-8 मध्ये ताईंच्या नावावर ५०,००० विक्री आणि १०,००० परतावा सांगितलाय. ताईंनी २७,१३० दाखवले तर दोन्ही कागद सरकारकडे शेजारी-शेजारी पडतात. शिवाय फीवर १८ टक्के जीएसटी भरलाय तो GSTR-2B मध्ये येतो. फी खर्चात धरलीच नाही तर त्याची वजावट कशाच्या जोरावर मागणार? ताई, फी किती कापली?

घणसोलीची_कुर्तीवाली:
कमिशन, कुरिअर, परत येण्याचं कुरिअर मिळून १०,०००, वर जीएसटी १,८००. आणि ३१ जुलैला साइटकडे माझे ६,४०० यायचे बाकी होते.

हिशोबी_नौपाडा:
मग हे बघा. ८० कुर्तींचे ४२,०००. त्यातून ११,८००, २०० आणि ५० गेले की २९,९५०. हे ऑगस्टचं तुमचं घेणं. मागचे ६,४०० मिळवा, ३६,३५०. बँकेत आले २७,१३०. म्हणजे ३१ ऑगस्टला साइटकडे ९,२२० बाकी हवेत. महिन्याच्या शेवटी पोचलेल्या मालाचे पैसे सप्टेंबरात येतात, म्हणून बँक आणि विक्री कधीच जुळत नाहीत. जुळायला हवी ती ही बाकी. सप्टेंबरच्या पहिल्या पेआउटमध्ये ऑगस्टच्या ऑर्डरींच्या ओळींची बेरीज किती?

सुधाकाकू_कळवा:
अरे, माझी टॉवेलची पाकिटं परत येतात ना, त्यातल्या एकात फाटका पायपुसणा निघाला! साइट म्हणते पाकीट उघडतानाचा व्हिडिओ दाखवा. तो कोण काढतंय? टीसीएस परत मिळेल का?

हिशोबी_नौपाडा:
काकू, विक्री रद्द झाली म्हणून टीसीएस वजा होतोच, तो विषय संपला. तुमचं नुकसान मालाचं आहे आणि ते पैशाच्या कागदात दिसणार नाही. परताव्याच्या यादीशेजारी ‘माल हातात आला का, धड आला का’ असा एक रकाना ठेवा. आणि व्हिडिओ काढाच, मोबाइल पेल्याला टेकवून ठेवला तरी चालतो.

घणसोलीची_कुर्तीवाली:
बेरीज ८,६९५ येते. ५२५ कमी. बरोब्बर एक कुर्ती!

हिशोबी_नौपाडा:
एका कुर्तीइतकाच फरक म्हणजे बहुतेक एक परतावा दोनदा कापलाय. तपशिलाच्या दोन्ही महिन्यांच्या ओळी एका पानावर चिकटवा. अ रकान्यात ऑर्डर क्रमांक, क मध्ये प्रकार असं धरून:

```
=COUNTIFS(A:A,A2,C:C,"Return")
```

जिथे १ पेक्षा जास्त येईल ती ओळ बघा. एका ऑर्डरीत दोन नग असतील तर २ बरोबरच असू शकतं, तेवढं तपासा.

घणसोलीची_कुर्तीवाली:
सापडली! ठाकुर्लीची ऑर्डर. २१ ऑगस्टला ‘गिऱ्हाईक न सापडल्याने परत’ म्हणून कापली आणि २ सप्टेंबरला ‘गिऱ्हाइकाने परत केली’ म्हणून पुन्हा. जी पोचलीच नाही ती परत कशी करेल?

मानपाडा_मर्चंट:
५२५ साठी किती वेळ गेला, ताई?

घणसोलीची_कुर्तीवाली:
दोन दुपारी.

मानपाडा_मर्चंट:
तेवढ्यात आठ-दहा कुर्तींचे फोटो काढून झाले असते. मी पाच आकड्यांवरच राहणार.

हिशोबी_नौपाडा:
तुमच्या टक्क्याच्या फूटपट्टीत हे सुटलं असतंच असं नाही. ९,२२० मधले ५२५ म्हणजे साडेपाच टक्क्यांवर. पण तुम्ही फरक ५०,००० विक्रीशी ताडता की बाकीशी? विक्रीशी ताडलात तर जेमतेम टक्काभर, दिसेल न दिसेल. माझं म्हणणं, टक्का बाकीवर लावा आणि फरक निघाला तरच ऑर्डरवार उतरा.

मानपाडा_मर्चंट:
विक्रीशीच ताडतो. बाकीशी ताडून बघतो या महिन्यात, पण तीन साइटची बाकी काढणं तुम्ही म्हणता तेवढं सोपं नाही. एकजण आठवड्याला पैसे देतो, एकजण रोज.

ऐरोली_ऑनलाइन:
माझ्या रकान्यातही दोन कपाती एकत्र आहेत. मी दोन महिन्यांपूर्वी तक्रार टाकली होती. आता ती मागे घ्यायला लागणार.

घणसोलीची_कुर्तीवाली:
५२५ ची तक्रार टाकली, दोन्ही ओळींचे फोटो जोडून. उत्तर आलंय: ‘परतावा धोरणानुसार बरोबर.’ पुन्हा टाकलीय. दादा, सप्टेंबरच्या GSTR-8 मध्ये हा दुसरा परतावाही गेला तर माझी विक्री ५०० ने कमी दिसेल ना?

हिशोबी_नौपाडा:
दिसेल, आणि टीसीएस अडीच रुपयांनी कमी येईल. तुम्ही क्रेडिट नोट एकच काढा, माल एकदाच परत आलाय. फरकाची ओळ वहीत ऑर्डर क्रमांकासकट लिहून ठेवा. विचारलं तर तेच दाखवायचं.