वारांचा क्रम असाच का? आणि ‘होरा’ हा शब्द मुळात कुठला?

निळीशाई
पाचवीतल्या भाच्याने सूर्यमालेच्या चित्रावर बोट ठेवून विचारलेला प्रश्न इथे मांडते, कारण मला उत्तर देता आलं नाही. वारांना ग्रहांची नावं आहेत हे त्याला पटलं. पण चित्रात बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ, गुरू, शनी असा क्रम आहे. वारांत मात्र रवी, सोम, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी. ‘मंगळानंतर उलटं येऊन बुध का, आणि गुरूवरून पुन्हा आत शुक्र का?’ असं त्याचं म्हणणं. ग्रहाच्या आकाराने लावून पाहिलं, तेजाने लावून पाहिलं, जमत नाही. इंग्रजी, स्पॅनिश, जपानी सगळीकडे क्रम हाच आहे, म्हणजे कुणीतरी काहीतरी हिशेब केलेला असणार. तो कोणता?

पानगळ
हिशेब होऱ्याचा आहे. दिवसाचे २४ होरे, प्रत्येक होऱ्याला एक ग्रह, आणि सूर्योदयाच्या होऱ्याचा जो ग्रह त्याचं नाव त्या वाराला. होरा हा शब्द ‘अहोरात्र’मधला पहिला ‘अ’ आणि शेवटचा ‘त्र’ गाळून झाला, हे वराहमिहिरानेच लिहून ठेवलंय. तेव्हा वारही आपल्याकडूनच पश्चिमेला गेले, हे उघड आहे.

उंबरठा
यात महिनेही घ्यायला हवेत. रोमन वर्षात आधी दहा महिने होते. मग ज्युलिअस सीझर आणि ऑगस्टस यांनी आपापल्या नावाचा एकेक महिना मध्ये घुसवला. म्हणून ‘सातवा’ अशा अर्थाचा सप्टेंबर नववा झाला. वारांतही असंच कुणी मधे घुसलं असेल का?

ध्रुवतारा
पानगळ, होऱ्याचा हिशेब बरोबर आहे. निष्कर्षाकडे नंतर येतो. आधी निळीशाईंच्या भाच्यासाठी तो मांडूनच दाखवतो.

सूर्यमालेचं चित्र बाजूला ठेवा. जुन्या लोकांनी क्रम लावला तो आकाशातल्या वेगाने. ताऱ्यांमधून एक फेरी पुरी करायला शनीला साधारण साडेएकोणतीस वर्षं लागतात, गुरूला बारा, मंगळाला पावणेदोन वर्षांहून थोडी अधिक, सूर्याला एक वर्ष आणि चंद्राला सव्वासत्तावीस दिवस. शुक्र आणि बुध सूर्याच्या आगेमागेच राहतात, म्हणून त्यांच्या जागेबद्दल प्राचीन काळी मतभेद होते. पण रूढ झालेला क्रम असा: शनी, गुरू, मंगळ, सूर्य, शुक्र, बुध, चंद्र. सर्वांत मंद आधी, सर्वांत चपळ शेवटी.

आता शनिवारचा पहिला होरा शनीला द्या. दुसरा गुरूचा, तिसरा मंगळाचा, आणि सातवा चंद्राचा. आठव्याला पुन्हा शनी, तसाच पंधराव्याला आणि बाविसाव्याला. तेविसावा गुरू, चोविसावा मंगळ. दिवस संपला. दुसऱ्या दिवसाचा पहिला होरा ओळीत पुढचा, म्हणजे सूर्याचा. झाला रविवार. चोवीसला सातने भागलं की तीन उरतात, तेवढाच हा खेळ आहे. रोज आपण ओळीत तीन घरं पुढे सरकतो.

निळीशाई
कागदावर करून पाहिलं. रविवारी बाविसावा होरा सूर्याचा, तेविसावा शुक्राचा, चोविसावा बुधाचा, मग चंद्र. सोमवार! पण एक अडचण आहे. आर्यभटाच्या ज्या श्लोकाचा उल्लेख वाचला त्यात ‘चौथा’ म्हटलंय. शनीपासून चार पावलं टाकली तर मी शुक्रावर पोचते.

ध्रुवतारा
पावलं टाकू नका, माणसं मोजा. शनी पहिला, गुरू दुसरा, मंगळ तिसरा, सूर्य चौथा. जुनी मोजणी सुरुवातीच्यालाही धरते. पौर्णिमेपासून ‘आठवा दिवस’ म्हणताना कुणी पौर्णिमा धरतं, कुणी सोडतं, तसाच हा गोंधळ. आर्यभटीयाच्या कालक्रियापादात शब्द आहेत: ‘शीघ्रक्रमाच्चतुर्था भवन्ति सूर्योदयाद् दिनपाः’. वेगाच्या क्रमाने चौथा तो सूर्योदयापासून दिवसाचा धनी. इतकं नेमकं आणि थोडक्यात मी कुठल्याच भाषेत वाचलेलं नाही.

आता पानगळांच्या निष्कर्षाबद्दल. वराहमिहिराने अहोरात्राची व्युत्पत्ती दिली आहे हे खरं, पण त्याचं वाक्य नीट वाचा: ‘होरेत्यहोरात्रविकल्पमेके वाञ्छन्ति’. ‘एके वाञ्छन्ति’, म्हणजे ‘काही जणांना असं वाटतं’. ती त्याने इतरांच्या नावावर नोंदवली आहे. ग्रीकमध्ये ‘होरा’ हा शब्द काळ, ऋतू, तास या अर्थांनी आहे. तोच लॅटिनमार्गे इंग्रजी ‘अवर’ झाला. आणि संस्कृतात तो एकटा आलेला नाही. केंद्र, लिप्ता, जामित्र हे ज्योतिषातल्या त्याच घोळक्यातले ग्रीक शब्द आहेत. एखादा शब्द एकटा असेल तर योगायोग म्हणता येतो, एकाच विषयाचे शब्द गटाने आले की वाट दिसते.

पानगळ
केंद्रसुद्धा ग्रीक? हे माहीत नव्हतं. पण मग आपल्याकडे वाराचा जुन्यात जुना पुरावा कोणता?

ध्रुवतारा
नेहमी दाखवला जातो तो एरणचा स्तंभलेख, बुधगुप्ताच्या काळचा, गुप्त संवत १६५, म्हणजे इ.स. ४८४. आषाढ शुद्ध द्वादशी आणि ‘सुरगुरूचा दिवस’, म्हणजे गुरुवार. त्याआधीच्या आपल्या लेखांत तिथी, नक्षत्र, पक्ष सापडतात, पण वार नाही. उलट इ.स. ७९ मध्ये राखेखाली गेलेल्या पॉम्पेईच्या एका भिंतीवर ‘देवांचे दिवस’ अशी यादी खरडलेली आहे. ती शनीपासून सुरू होते आणि क्रम हाच. म्हणून वार तिकडून आले असं मी म्हणतो.

‘वार’ हा शब्द मात्र अस्सल आपला. वार म्हणजे पाळी. ‘वारंवार’मध्ये तोच आहे. होऱ्यांच्या धन्यांची पाळी बदलते, या कल्पनेला इतका चपखल शब्द दुसरा मिळाला नसता.

कातरवेळ
मी पोर्तुगीज शिकते, त्यांचे वार बघून हा सगळा हिशेब डळमळीत वाटला. तिथे ग्रहच नाहीत! सोमवार म्हणजे ‘सेगुंदा-फेइरा’, दुसरा. गुरुवार ‘क्विंता’, पाचवा. याआधी थोडी रशियन शिकले होते. तिथे ‘प्यात्नित्सा’त पाच आहे, पण तो शुक्रवार. पहिल्या महिनाभरात मी शिकवणीचा वार दोनदा चुकवला, कारण डोक्यात पाच म्हटलं की रशियन शुक्रवार यायचा.

ध्रुवतारा
त्याने हिशेब डळमळत नाही. तिथे ग्रह पुसून आकडे लिहिले गेले. सहाव्या शतकात ब्रागाचे बिशप मार्टिन यांनी, ख्रिस्ती माणसाने दिवसांना मंगळ-बुधासारख्या देवांची नावं द्यावीत याला कडक शब्दांत हरकत घेतली होती. ब्रागा आजच्या पोर्तुगालमध्येच आहे. पोर्तुगीज रविवार एक धरून मोजते, रशियन सोमवार एक धरून. फारसी रविवारालाच ‘यक-शंबे’, म्हणजे एक, म्हणते, म्हणून तिचा ‘पंज-शंबे’ गुरुवार, पोर्तुगीजशी जुळणारा. तुमची चूक वाराची नव्हती, शून्य कुठे ठेवला याची होती.

उलट टोकाला इंग्रजी. तिथे ग्रह राहिले, देव बदलले. मंगळ युद्धदेव, म्हणून त्याच्या जागी तिव, तो ट्यूजडे. गुरू म्हणजे रोमनांचा मेघगर्जनेचा ज्युपिटर, म्हणून थॉर. शुक्राऐवजी फ्रिग. बुधाऐवजी वोडन हे आज विचित्र वाटतं, पण रोमन इतिहासकार टॅसिटसने इसवीसनाच्या पहिल्या शतकाच्या अखेरीसच लिहून ठेवलंय की जर्मन लोक सर्वांत जास्त मर्क्युरीला भजतात. ही जोडी तेव्हाच जुळलेली होती. आणि जपानीत देवही नाहीत: अग्नी, जल, काष्ठ, धातू, माती. पण मंगळाला चिनी परंपरेत अग्नीचा तारा म्हणतात, बुधाला जलाचा. पडदा बाजूला केला की खाली तोच क्रम.

उंबरठा
आणि माझे महिने?

ध्रुवतारा
तिथे कुणी घुसलं नाही, फक्त पाट्या बदलल्या. वर्ष मार्चपासून सुरू व्हायचं तेव्हा जुलै पाचवा होता, ‘क्विंटिलिस’. ऑगस्ट सहावा, ‘सेक्स्टिलिस’. इ.स.पू. ४४ मध्ये पहिल्याचं आणि इ.स.पू. ८ मध्ये दुसऱ्याचं नाव बदललं. सप्टेंबरचा आकडा चुकला तो त्याच्या फार आधी, वर्षारंभ जानेवारीकडे गेल्यामुळे. ऑगस्टसने फेब्रुवारीचा एक दिवस पळवला ही गोष्टही तेराव्या शतकातल्या साक्रोबोस्कोपासून चालत आली आहे. सीझरच्या सुधारणेआधीचं, भिंतीवर रंगवलेलं एक पंचांग ॲन्झिओत मिळालं. त्यात ही दोन्ही जुनी नावं आहेत आणि फेब्रुवारी तेव्हाच २८ दिवसांचा आहे.

नंतर नीरोने एप्रिलला, डोमिशियनने सप्टेंबर-ऑक्टोबरला स्वतःची नावं दिली, कोमोडसने तर बाराही महिने आपल्या नावा-बिरुदांनी भरले. ते गेल्यावर सगळी पुसली गेली.

उंबरठा
शाळेत हे उलटंच ऐकलं होतं. घुसवलं नाही, पाटी बदलली, हे लक्षात ठेवतो.

निळीशाई
एक राहिलंच. भाच्याच्या दिनदर्शिकेच्या ॲपमध्ये होरा पाहिला तर आकडे जुळेनात. सकाळी सात वाजता एका ठिकाणी एक ग्रह, दुसऱ्या ठिकाणी दुसरा.

ध्रुवतारा
दोन गोष्टी तपासा. मोजणी मध्यरात्रीपासून धरली असेल तर ती सरळ चूक, ती सूर्योदयापासूनच हवी. दुसरी गोष्ट चूक नव्हे, पद्धत आहे. कुणी होरा बरोबर एका तासाचा, म्हणजे अडीच घटकांचा धरतं. कुणी दिनमानाचे बारा आणि रात्रिमानाचे बारा भाग करतं, ग्रीक-रोमन लोक करायचे तसे. मग उन्हाळ्यात दिवसाचा होरा तासाहून मोठा होतो. दोन्ही रीतींत पुढच्या सूर्योदयाला धनी तोच येतो, म्हणून वारांना धक्का लागत नाही.

पानगळ
माझी शंका अजून आहे. रोमन इतिहासकार डिओ कॅसिअसने वारांच्या क्रमाची दोन कारणं दिली आहेत ना? होऱ्यांचं एक, आणि संगीतातल्या चार-चार स्वरांच्या अंतराचं दुसरं. ओळीतून मधली दोन-दोन घरं सोडून उचललं तरी हाच क्रम निघतो. मग होरा हेच मूळ कारण, हे कशावरून?

ध्रुवतारा
रास्त आक्षेप आहे. गणित दोन्हींचं एकच, त्यामुळे उत्तरावरून कारण ओळखता येत नाही. मी होऱ्याच्या बाजूने आहे, कारण दुसऱ्या शतकातला ग्रीक ज्योतिषी व्हेटिअस व्हॅलेन्स तासांवरून वार काढून दाखवतो आणि आर्यभटही तेच करतो, आणि ‘दिवसाचा धनी’ हा शब्दप्रयोगच तासाच्या धन्यावरून आलेला दिसतो. पण डिओने स्वरांचं कारण आधी दिलंय, होऱ्यांचं नंतर. त्याचं काय करायचं, यावर माझं समाधान झालेलं नाही.

कातरवेळ
आणि आपण मराठीत ‘त्याचा होरा खरा ठरला’ म्हणतो, तो हाच होरा का?

पानगळ
तोच. होरा पाहून सांगितलेलं भाकीत, मग नुसताच अंदाज. वर्तमानपत्रात ‘जाणकारांचा होरा’ असतो तेव्हा त्यात ग्रहही नसतात आणि तासही.